संशयावर निकाल देऊ नका: मुद्रितशोधकांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"सर्व मुद्रितशोधकांनी वाचा! लेखकाने एआयकडून लिहून घेतले का, हे ओळखण्याचे खात्रीशीर उपाय. १) मजकूर डिटेक्टरमध्ये टाका, ५० टक्क्यांच्या वर आकडा आला तर सरळ परत पाठवा. २) फाइलमध्ये अदृश्य अक्षरे शोधा, सापडली म्हणजे एआयच. ३) चॅटजीपीटीलाच विचारा, तो सांगतो. ४) वाद नको असेल तर भाषा स्वतःच माणसासारखी करून द्या आणि गप्प बसा."

हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला नसता तर मी त्याच्याकडे लक्षही दिलं नसतं. ती नुकतीच एका छोट्या प्रकाशकाची प्रुफं घ्यायला लागली आहे. तिने एका निवृत्त शिक्षकांच्या पुस्तकाचं अख्खं प्रकरण एका फुकट संकेतस्थळावर टाकलं, ७२ टक्के असा आकडा आला, आणि "हे लेखकाचं लेखन नाही" असं पत्र लिहून ती मला दाखवायला आली. पत्र मी थांबवलं. पण असं पत्र इतर कितीजणांनी धाडलं असेल, या विचाराने मला संताप येतो.

सगळ्यात हास्यास्पद मुद्दा दुसरा, आणि मराठीत तो सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे. मराठी युनिकोड मजकुरात अदृश्य अक्षरं असतातच. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त, आणि त्यानंतर शून्य रुंदीचं जोडअक्षर, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. ते डोळ्यांना दिसत नाही, पण फाइलमध्ये असतं. कोणता प्रकार उमटेल हे कीबोर्डवर किंवा जुन्या फॉन्टवरून युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरवर अवलंबून असतं. वर्डच्या शोधचौकटीत `^u8205` टाकून पाहा. भाषा-मॉडेल्स येण्याच्या कितीतरी आधी टाइप केलेल्या फाइलींमध्येही ते पानोपानी सापडेल.

इथवर फक्त चुकीचा आरोप झाला. पुढे काहीजण ही अक्षरं सापडली की 'साफ' करायला घेतात. जॉइनर काढला की अर्धा र जातो आणि त्याजागी रफार चढतो. सह्याद्रीच्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. 'आचाऱ्यांना' वाढायला सांगितलेलं असतं, ते 'आचार्यांना' जाऊन पोचतं. दोन्ही रूपं खरे शब्द आहेत, म्हणून स्पेलचेक काही बोलत नाही. म्हणजे चूक शोधायला नेमलेल्या माणसाने चूक घातली, आणि ती पकडणारं पुढे कुणी उरलं नाही.

पहिल्या मुद्द्याबद्दल एकच गोष्ट सांगते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचाच डिटेक्टर काढला होता. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याने ओळखला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के यंत्राचा ठरवला. हे आकडे इंग्रजीचे आहेत. इतर भाषांसाठी तो वापरू नका असं त्यांनीच सुचवलं होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी तो बंद केला. त्यानंतर पुष्कळ डिटेक्टर आले, काही बरेही असतील. पण ७२ हा आकडा मराठीवरच्या कोणत्या चाचणीतून आला, हे भाचीच्या त्या संकेतस्थळावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. शिवाय अप्रकाशित पुस्तक लेखकाला न विचारता परक्या ठिकाणी चढवणं हा विश्वासभंग आहे, आकडा काहीही येवो. भाचीने ते आता प्रकाशकाला कळवायला हवं, आणि मी तिला तसं सांगितलं आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. २०२३ साली न्यू यॉर्कमध्ये एका वकिलाने चॅटजीपीटीने रचलेल्या, कधी न झालेल्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले. हे खटले खरे आहेत का, असं त्याने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि उत्तर 'हो' आलं होतं. कोर्टाने पाच हजार डॉलर दंड केला.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की मेसेजमागचा संशय अगदीच निराधार नाही. परिच्छेदामागून परिच्छेद "केवळ अमुक नाही, तर तमुकही आहे" या एकाच चालीवर येतात, प्रत्येक प्रकरण एकसारख्या उपदेशावर संपतं, तेव्हा मलाही शंका येते. कधी पुरावाच राहून जातो. "नक्कीच, आपल्या विनंतीनुसार प्रस्तावना देत आहे" असं वाक्य, किंवा दुव्याच्या शेवटी `utm_source=chatgpt.com`. पण त्यातूनही यंत्र वापरलं एवढंच कळतं. किती, कशासाठी आणि प्रकाशकाच्या परवानगीने की नाही, हे कळत नाही.

मग करायचं काय? मजकुरातलं जे तपासता येतं ते तपासायचं. त्याच शिक्षकांच्या प्रकरणात फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुलींच्या शाळेबद्दल एक सुरेख उतारा होता, अवतरणचिन्हांत, खाली 'दर्पण, १८४८' असा संदर्भ देऊन. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण ६ जानेवारी १८३२ ला निघालं आणि १८४० मध्ये बंद पडलं. बाळशास्त्री स्वतः १८४६ मध्ये वारले. म्हणजे असा अंक असूच शकत नाही. भाचीने भाषेच्या गुळगुळीतपणावर दोन पानांचं पत्र लिहिलं होतं, आणि या उताऱ्यावर एक खूणही केली नव्हती.

आम्ही ते पत्र फाडून समासात शंका लिहिली: "दर्पण १८४० मध्ये बंद झालं. हा अंक कुठे पाहिला? मूळ पानाची प्रत मिळेल का? न मिळाल्यास उतारा काढावा लागेल." त्यात एआयचं नाव नाही, आरोप नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. मग बाकीची अवतरणंही त्याच क्रमाने घेतली: आधी नियतकालिक त्या वर्षी चालू होतं का, मग अंक ग्रंथालयात आहे का, मग शब्द जुळतात का. आणखी दोन उतारे निराधार निघाले. लेखकांनी कळवलं की ते "टिपणांतून" आले होते, आणि तिन्ही काढले. टिपणं कुणी केली होती ते मला आजही माहीत नाही, आणि पुस्तक दुरुस्त करायला ते कळण्याची गरज पडली नाही.

असे बनावट संदर्भ सापडले, किंवा 'नक्कीच'सारखं वाक्य राहिलेलं दिसलं, तर काम देणाऱ्या संपादकाला पानांच्या क्रमांकांसह कळवायचं: या या ठिकाणी हे दिसलं, लेखकाशी बोलून घ्या. लेखकाने स्वतःच काम दिलं असेल तर त्यालाच सरळ विचारायचं, साधनं वापरली असतील तर कुठे कुठे, म्हणजे तिथले तपशील जास्त बारकाईने पाहता येतील. यंत्र चालतं की नाही हे करार ठरवतो आणि प्रकाशक ठरवतो. पानाच्या दराने प्रुफं घेणाऱ्याने तो निवाडा अंगावर घेऊ नये.

आणि चौथा उपाय तर कधीच करू नका. त्या दर्पणच्या उताऱ्याची भाषा आम्ही खरखरीत, जुनी वाटेलशी करून दिली असती, तर तो खोटा उतारा जास्त खरा दिसला असता आणि आमच्या हातून छापला गेला असता. मजकूर नव्याने लिहावा लागणार असं दिसलं तर काम थांबवा, पाच-सहा पानांचा नमुना जोडून संपादकाला लिहा की हे मुद्रितशोधन राहिलेलं नाही, फेरलेखन आहे. त्याचा दर वेगळा, मुदत वेगळी, आणि ते लेखकाच्या लेखी संमतीनेच होईल.