बँक बुडते म्हणून आत्याचे पैसे ॲपवर?

आज दुपारी साखरपेठेत आत्याच्या घरी गेलो होतो. माझा चुलतभाऊ तिथे मोबाईल घेऊन बसला होता आणि तिच्या चार लाखांच्या मुदत ठेवीची पावती समोर होती. ती ठेव मोडून सगळे पैसे कर्ज देण्याच्या एका ॲपवर टाकावेत, तिथे सोळा टक्के मिळतात, असे तो तिला समजावत होता. मी हरकत घेतल्यावर तो म्हणाला, "दादा, काकांचे पैसे बँकेतच अडकले ना? मग बँक तरी कुठे सुरक्षित आहे?" माझ्याच वडिलांचे उदाहरण माझ्याच तोंडावर फेकले गेले, तेही त्यातील निम्मी गोष्ट सोडून. त्यामुळे घरी आल्यावर हे लिहायला बसलो.

बाबा अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मुकादम होते. निवृत्तीनंतर मिळालेले सहा लाख वीस हजार रुपये त्यांनी एका नागरी सहकारी बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या करून ठेवले. वेगवेगळ्या शाखांमुळे प्रत्येक पावतीला पाच लाखांचा वेगळा विमा मिळेल, असा त्यांचा समज होता. पुढे रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा तिन्ही पावत्यांची व्याजासह बेरीज झाली, सहा लाख अठ्ठावन्न हजार. त्यातील पाच लाख ठेव विमा महामंडळाकडून मिळाले, उरलेले एक लाख अठ्ठावन्न हजार आजही अवसायकाच्या कागदांत अडकून आहेत. एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांमधील ठेवी मुद्दल आणि व्याजासह एकत्र धरल्या जातात, हे बाबांना कोणीही सांगितले नव्हते. तीनपैकी एक पावती त्यांनी आईसोबत संयुक्त नावाने केली असती, तर तिचा विमा स्वतंत्र मोजला गेला असता आणि सगळी रक्कम वाचली असती. ही गोष्ट मला आजही सलते.

पण माझ्या भावाला या गोष्टीतील महत्त्वाचा भाग दिसतच नाही. बाबांचे पाच लाख परत आले. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा पाच लाख आहे. त्याआधी 1993 पासून ती एकच लाख होती. 2021 च्या दुरुस्तीनंतर, निर्बंध आल्यापासून साधारण नव्वद दिवसांत ही रक्कम मिळावी अशी तरतूद झाली. त्या तीन महिन्यांत आमच्या घरी काय चालले होते, ते आम्हीच जाणतो. दवाखान्याच्या बिलासाठी उसने मागावे लागले, हे मी नाकारत नाही. तरीही ठेवीदाराला मिळणारी ही रक्कम बँकेच्या कर्जदारांनी पैसे फेडले की नाही यावर अवलंबून नसते. ॲपवर मात्र सगळे त्यावरच अवलंबून असते.

तिथे आपण ठेवीदार नसून सावकार असतो. असे ॲप चालवणारी कंपनी फक्त मध्यस्थ असते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांनुसार तिला ठेवी घेता येत नाहीत आणि एका सावकाराने एका कर्जदाराला पन्नास हजारांहून अधिक देता येत नाही. काही ॲप्स ठरावीक परताव्याचे आणि हवे तेव्हा पैसे काढण्याचे आमिष दाखवू लागली, म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये नियम अधिक कडक झाले. आता परताव्याची हमी असल्यासारखी जाहिरात करायची नाही, आणि मुद्दल किंवा व्याज बुडाले तर तो तोटा सर्वस्वी पैसे देणाऱ्याचा, हे त्याला आधी सांगायचे. हा मजकूर भावाच्या मोबाईलवरही होता. त्याने आत्याला तो वाचून दाखवला नाही, याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

शेवटी आत्याच्या वहीवर मी हिशेब मांडला. समजा चार लाख रुपये ऐंशी कर्जदारांना प्रत्येकी पाच हजार असे दिले, आणि सोपे जावे म्हणून सगळ्यांनी वर्षअखेरीस एकरकमी फेडायचे ठरले. सोळा टक्क्यांनी व्याज चौसष्ट हजार होते. ॲपचे शुल्क एक टक्का धरले तर चार हजार वजा होऊन साठ हजार उरतात. आत्याची बँक साडेसात टक्क्यांनी वर्षाला तीस हजार देते. इथपर्यंत ॲप दुप्पट देते, हे मान्य. पण एक कर्जदार बुडाला की पाच हजार मुद्दल आणि आठशे व्याज मिळून पाच हजार आठशे जातात. पाच जण बुडाले तर हातात एकतीस हजार उरतात, म्हणजे जवळजवळ बँकेइतकेच. सहावा बुडाला की पंचवीस हजार दोनशे, आणि अकरावा बुडाला की मुद्दलच कमी व्हायला लागते. हप्त्यांनी फेड असेल तर आकडे बदलतील, कारण बुडण्याआधी थोडे पैसे परत आलेले असतात आणि व्याजही घटत्या रकमेवर मिळते. पण प्रश्न तोच राहतो: ऐंशीपैकी सहा जण थकणार नाहीत, असे आत्याला कोण सांगणार?

त्यावर भाऊ म्हणाला की ऐंशी जणांत पैसे विभागले म्हणजे धोका कमी होतो. एखादा कर्जदार आजारी पडला किंवा पळून गेला, एवढ्यापुरते हे खरे आहे. पण सुताचे भाव चढून यंत्रमाग थांबतात, तेव्हा मागवाला, रंगारी, त्यांच्या गल्लीतला किराणा दुकानदार, सगळ्यांचे हप्ते एकाच महिन्यात चुकतात, हे सोलापुरात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. 2020 च्या टाळेबंदीत ते आपण पाहिले आहे.

ॲपच्या संकेतस्थळावरचा थकबाकीचा आकडाही त्याने दाखवला. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. मात्र एकूण चालू कर्जांशी थकबाकीचे प्रमाण मोजले, तर गेल्या दोन महिन्यांत दिलेली कर्जेही त्या बेरजेत येतात आणि त्यांना थकायला अजून वेळच मिळालेला नसतो. व्यवसाय झपाट्याने वाढत असला की हे प्रमाण त्यामुळेच लहान दिसते. दीड वर्षापूर्वीच्या एकाच महिन्यात दिलेल्या कर्जांपैकी आज किती रक्कम आलेली नाही, एवढे विचारावे. भावाला ते सापडले नाही.

आता राग थोडा निवळला आहे. त्याचेही मन मला कळते. त्याचे वय, पगार आणि त्याच्यावर कोणी अवलंबून नसणे पाहता, बुडाले तरी चालतील असे वीस-तीस हजार त्याने तिथे जरूर गुंतवावेत. आत्याकडे मात्र या चार लाखांशिवाय दुसरे काही नाही. तिला अधिक व्याज हवेच असेल, तर जास्त दर देणारी आणि ठेव विमा असलेली लघु वित्त बँक किंवा नागरी सहकारी बँक पाहावी. व्याजासह रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर तिथेही विम्याचे संरक्षण तेच आहे. आठ टक्के व्याज दर तिमाहीला जमा होत असेल, तर चार लाख साठ हजारांचे वर्षअखेर सुमारे चार लाख अठ्ठ्याण्णव हजार होतात, म्हणजे मर्यादेला अगदी खेटून. आत्याचे चार लाख त्यात सहज बसतात. पतसंस्था मात्र या विम्यात येत नाही. पाटीवर मर्यादित आणि सहकारी असे शब्द दिसले की आपण तिला बँक समजतो, आणि बाबांनीही कधीकाळी तेच केले असते.

आत्याची पावती येत्या महिन्यात संपते. उद्या बाबांना सोबत घेऊन तिच्या बँकेत जाणार आहे. ठेव नोंदणीकृत विमाधारक बँकेत आहे का, एवढे काउंटरवर विचारून त्या लेखी नोंदीची प्रत घ्यायची, असे बाबांनीच मला सुचवले आहे.