‘जिवंत करून देतो’ म्हणजे नक्की काय करून देतो?

प्रतिक्रिया: «तुमचा लेख वाचून एसएसडीचं फर्मवेअर अपडेट करायला घेतलं. ६० टक्क्यांवर लाइट गेली. आता बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव SATAFIRM S11 असं दिसतं, विंडोज तर ओळखतच नाही. दुकानदार एमपीटूलने जिवंत करून देतो म्हणतोय. तुम्ही मात्र ‘आधी बॅकअप घ्या’ एवढं एक वाक्य लिहून मोकळे झालात. हा काय सल्ला झाला?»

उत्तर: राग रास्त आहे. ते वाक्य मी आमटीत कढीपत्ता टाकावा तसं सवयीने टाकलं होतं. पण आधी एक विनंती: ड्राइव्ह अजून दुकानात दिला नसेल तर देऊ नका.

SATAFIRM S11 हे तुमच्या ड्राइव्हचं नाव नाही. फायसन कंपनीच्या एस-११ कंट्रोलरला नँड चिपमधलं मुख्य फर्मवेअर सापडलं नाही किंवा वाचता आलं नाही की तो आतल्या छोट्या रॉमवर उभा राहतो आणि हे नाव सांगतो. म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे, ही चांगली खूण. तुमचे फोटो नँडमध्ये बहुधा जसेच्या तसे पडून आहेत. मात्र कुठला तुकडा कुठे ठेवलाय त्याची वही, म्हणजे ट्रान्सलेशन टेबल, उघडणारं कोणी उरलेलं नाही.

एमपीटूल हे कारखान्यात नवा ड्राइव्ह तयार करायचं सॉफ्टवेअर. ते फर्मवेअर भरतं, खराब ब्लॉक शोधतं आणि वही कोरी करून नव्याने आखतं. एका दुकानात मी हे समोर बसून पाहिलंय. मुलाने ड्राइव्हचं कव्हर उघडलं, अर्ध्या तळहाताएवढ्या बोर्डावरचे दोन बारीक ठिपके चिमट्याने जोडून धरले, केबल लावली आणि चिमटा काढला. थोड्या वेळाने मूळ क्षमता परत दिसायला लागली. सगळे खूश! मग विंडोजने डिस्क इनिशियलाइझ करायची खिडकी दाखवली, आणि मालकाला कळलं की ड्राइव्ह आला, पण त्यातलं काही आलं नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता. ‘जिवंत’ करतो म्हणाला होता, ‘डेटा देतो’ म्हणाला नव्हता.

म्हणून आधी ठरवा, काय हवंय? डेटा नको असेल तर वॉरंटी तपासा. ती असेल तर बदलून घ्या, कव्हर उघडू नका. वॉरंटी संपली असेल तर एमपीटूल खुशाल चालवू द्या, फक्त नंतर त्या ड्राइव्हवर एकुलती एक प्रत ठेवू नका.

डेटा हवा असेल तर घरी करण्यासारखं एकच आहे. डेटाची केबल काढा, फक्त पॉवर लावून अर्धा तास राहू द्या, पॉवर अर्धा मिनिट काढा आणि पुन्हा तेच एकदा करा. हा उपाय मुळात वही विस्कटलेल्या ड्राइव्हसाठी आहे. फर्मवेअरच अर्धवट असेल तर बहुतेक वेळा उपयोग होत नाही, पण नुकसानही नसतं. नाव बदललं नाही तर तिथेच थांबा. तेच अपडेट पुन्हा चालवू नका, आणि इनिशियलाइझची खिडकी आली तर ‘कॅन्सल’.

पुढचं काम डेटा रिकव्हरी लॅबचं. ते कंट्रोलरच्या रॅममध्ये तात्पुरता लोडर चढवतात, नँडला हात न लावता वही वाचतात किंवा नव्याने जुळवतात आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत काढतात. लॅबला एकच विचारा: ‘या कंट्रोलरला तुमचा लोडर आहे का?’ ‘चिप काढून वाचू’ असं उत्तर आलं तर सावध राहा. नँडमधला डेटा विस्कळीत करून लिहिलेला असतो आणि बऱ्याच ड्राइव्हमध्ये कंट्रोलर तो एन्क्रिप्टही करतो.

मग अपडेट करायला सांगितलंच का? कारण न करण्याचेही बळी आहेत. २०१९मध्ये एचपीईने स्वतःच्या काही सर्व्हर ड्राइव्हबद्दल इशारा दिला होता: ३२,७६८ तास चालल्यावर ड्राइव्ह बंद पडणार आणि डेटाही जाणार, उपाय फक्त नवं फर्मवेअर. पण घरच्या ड्राइव्हला नियम साधा असावा, आणि तो मी लिहायला हवा होता: रिलीज नोटमध्ये तुमचं मॉडेल आणि तुमचा त्रास, दोन्ही सापडले तरच हात लावा. ‘नवीन आलंय’ हे कारण नाही.

आणि करायचंच तर बॅकअपमधल्या चार फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. डेस्कटॉप यूपीएसवर हवा. लॅपटॉपला बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला. यूएसबी केसमधून करू नका, ड्राइव्ह थेट साटा पोर्टला लावा. बिटलॉकर असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मशीन मध्येच झोपू नये म्हणून आधी हे:

```
powercfg /change standby-timeout-ac 0
```

लॅपटॉप बॅटरीवर गेला तर ही सेटिंग लागू नाही, म्हणून चार्जर काढू नका.

जुन्या लेखातलं ते एक वाक्य आज काढतोय, त्या जागी हे सगळं टाकतोय. अर्ध्या तासाच्या प्रयोगानंतर बायोसमध्ये काय नाव दिसतं ते कळवा.