चिंतेची चिता करण्याची कृती

थंबनेलवरचा मथळा वाचता आला तर लोक व्हिडिओ कशाला उघडतील? तेव्हा तो वाचता येणार नाही याची नीट काळजी घ्या. समजा मथळा आहे, 'शेतकऱ्यांची चिंता वाढली, अनुदान मिळणार नाही'. १२८० बाय ७२० पिक्सेलचा कॅनव्हास उघडा आणि सर्वांत जाड फॉन्ट निवडा.

आता अक्षरांना काळा काठ द्या, चांगला १४ पिक्सेलचा. काठ अक्षराच्या बाहेर ठेवण्याची सोय असते, तिच्याकडे ढुंकूनही पाहू नका. त्याने अक्षर शाबूत राहतं. काठ कडेच्या मधोमध बसवा, म्हणजे निम्मा बाहेर आणि निम्मा आत येतो. 'चिं'वरचा अनुस्वार १६ पिक्सेलचा असेल तर दोन्ही बाजूंनी सात-सात खाल्ले जाऊन उरतो दोन पिक्सेलचा ठिपका. मोबाईलवरच्या यादीत चित्र चौथाईवर आलं की तोही गेला. आता तिथे शेतकऱ्यांची चिता वाढलेली दिसेल. बातमी आपोआप गंभीर झाली, वेगळे कष्ट नाहीत.

एवढ्या काठावर भागत नसेल तर अक्षरांमधलं अंतर वाढवा. रोमन अक्षरं अशी सुटी बरी दिसतात, मग आपली का दिसू नयेत? शिरोरेषा जागोजागी तुटेल आणि शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. अंतर न वाढवताही काही ॲप प्रत्येक अक्षराला वेगळा काठ देतात. तेव्हा पुढच्या अक्षराचा काठ मागच्याच्या शिरोरेषेवर चढतो आणि रेघेत काळ्या फटी पडतात. असं ॲप सापडलं तर सोडू नका.

दोन ओळींमधलं अंतर मात्र कमी करा. वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत अडकला पाहिजे. शिवाय काळी, गडद, जराही धूसर न केलेली सावली उजवीकडे-खाली टाका. 'ढ' आणि 'ण' यांची पोटं भरून निघतील. उरलेल्या जागेत लाल बाण, आगीचा इमोजी आणि तोंड उघडं टाकलेला माणूस. (बाण कशाकडे आहे हे कुणी विचारत नाही.)

खरी कमाल शेवटच्या शब्दात आहे. 'नाही' हा शब्द बरोब्बर खालच्या उजव्या कोपऱ्यात बसवा. यूट्यूब तिथे व्हिडिओच्या लांबीची काळी चौकट स्वतःच लावतं, फुकटात. गावोगावच्या फोनवर मग एवढंच उरतं: 'अनुदान मिळणार १२:४७'.

हाच मजकूर स्टोरीत टाकताना 'नाही' अगदी तळाशी न्या. तिथे उत्तर लिहायची पट्टी असते. आणि पट्टीतून चुकून डोकावलाच, तर वर पोलचा स्टिकर चिकटवा: 'तुम्हाला काय वाटतं?' पर्याय दोन, 'हो' आणि 'होय'.