प्रतिक्रियेला उत्तर: फिनिक्समधल्या लीफच्या बॅटऱ्या का थकल्या

वाचकाची प्रतिक्रिया: "ईव्हीची बॅटरी आरामात टिकते म्हणताय, मग अमेरिकेत निसान लीफवाल्यांच्या बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत कशा बसल्या? जाहिरात नको, खरं लिहा."

लीफचा विषय काढलात ते बरं झालं, बॅटरी कशाने थकते हे त्या गाडीत अगदी स्वच्छ दिसतं. 2012 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फिनिक्स या कडक उन्हाच्या शहराकडचे लोक सांगायला लागले की डॅशबोर्डवर कपॅसिटीचे 12 बार असतात त्यातला एक गेला, कुणाचे दोन गेले. पहिला बार जातो तेव्हा साधारण 15 टक्के कपॅसिटी गेलेली असते, म्हणजे 24 किलोवॉट-अवरचा बॅटरी पॅक जेमतेम 20 चा उरतो. सिएटलसारख्या थंड भागात त्याच गाड्यांचे बार बरेच जास्त टिकले. लीफच्या पॅकला ना कूलंट, ना पंखा, आणि फिनिक्सला उन्हाळ्यात पारा 45 च्या आसपास, रात्रीसुद्धा पॅक धड गार होत नाही.

आत काय होतं, तर सेलमधल्या ग्राफाइटवर एक पातळ थर बसतो आणि तो हळूहळू जाड होताना थोडं थोडं लिथियम अडकवून ठेवतो, अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही, म्हणून कपॅसिटी घटते. हे गाडी नुसती उभी असतानाही चालू असतं. उष्णतेने वेग वाढतो, बॅटरी 100 टक्के भरलेली असेल तर अजून वाढतो, आणि दोन्ही एकत्र आले की सगळ्यात वाईट. त्यामुळे फास्ट चार्जिंगपेक्षा मला रोज फुल करून उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची जास्त काळजी वाटते. फास्ट चार्जिंग त्रास देतं ते मुख्यतः पॅक खूप गार किंवा आधीच तापलेला असताना.

आपल्याकडच्या नेक्सॉन ईव्हीला लिक्विड कूलिंग आहे, म्हणून लीफचं गणित तिला जसंच्या तसं लावता येत नाही. पण नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात सावली शोधा, आणि फुल चार्ज निघायच्या थोडं आधी होईल असा टायमर लावा. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतील तर कंपनी सांगते तसं मधूनमधून चार्ज 100 टक्के करावंच लागतं, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकतो, फक्त भरल्यावर लगेच गाडी काढा.

आणि रेंज कमी झाली म्हणजे बॅटरी गेली असं धरू नका, एसी आणि हायवेचा स्पीडही रेंज खातो. त्यापेक्षा साधारण सारख्याच हवेत, त्याच घरच्या चार्जरवर 20 ते 80 टक्के चार्ज करा आणि मीटरवर किती युनिट गेले ते लिहून ठेवा. पहिल्या वर्षी 20 युनिट जात होते आणि आता 18 च जातात, तर साधारण 10 टक्के गेले. एकदाच्या आकड्यावर जाऊ नका, दोन-तीनदा मोजा.