सविनय विनंती, कुलूप आणि टँकरचं पाणी

मुख्याध्यापकांना अर्ज लिहिण्यात मी वाकबगार आहे. मराठीच्या पेपरात मी वाचनालय मागितलंय, क्रीडासाहित्य मागितलंय, एकदा तर वृक्षारोपणासाठी रोपंही मागितली आहेत आणि दर वेळी चांगले गुण मिळवले आहेत. या अर्जांचा मोठा गुण असा, की ते कुणाला द्यायचे नसतात. यंदा नववीत पहिल्यांदाच खरा अर्ज खऱ्या मोठ्या बाईंना द्यायची वेळ आली. विषय होता, प्रकल्पासाठी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा वापरू देण्याबाबत.

प्रकल्पाचं मूळ आमच्या सोसायटीत आहे. आम्ही बावधनला राहतो. नळाला पाणी येतं, पण पुरत नाही. म्हणून एक बोअर आहे, आणि बोअरही पुरत नाही म्हणून टँकर आहे. टँकरवाला छातीठोकपणे सांगतो, “धरणाचं पाणी आहे, साहेब.” आमच्या आईचं म्हणणं, धरणाच्या पाण्यात डाळ अशी दगडासारखी राहत नाही, आणि गीझरची कॉइलही पांढरी होत नाही. सोसायटीच्या बैठकीत यावर बराच आवाज झाला, पण आवाजाने पाण्याचा कठीणपणा मोजता येत नाही. तो मोजायला ब्युरेट लागते. आमच्या शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असल्याने ब्युरेटा आहेत. फक्त दिवसभर त्यांवर अकरावी-बारावीची प्रॅक्टिकलं चालतात.

पहिला अर्ज मी परीक्षेच्या पद्धतीने लिहिला. मला विज्ञानाची अत्यंत आवड आहे, आपल्या प्रोत्साहनाची अपेक्षा आहे, होकार कळवावा, आपली आज्ञाधारक. विज्ञानाच्या बाईंनी तो वाचला आणि विचारलं, “आवड आहे ते कळलं. करणार काय आहेस?”

घरी आजोबांनी सूत्रं हाती घेतली. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, आणि त्यांच्या मते देशात जे काही अडतं ते मसुदा नीट नसल्यामुळे. त्यांनी ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ अशी जी सुरुवात केली, ती पहिलं पान संपलं तरी ‘की’ च्या पुढे फारशी सरकली नव्हती. मी प्रयोगाच्या वर्णनात ‘द्रावण वाईन रेड होते’ असं लिहिलं होतं. ते त्यांनी खोडलं. शाळेच्या अर्जात वाईन शोभत नाही म्हणून वर ‘कोकम सरबतासारखे’ असं सुवाच्य अक्षरात घातलं. खरं सांगायचं तर रंग तसाच असतो, त्यामुळे मी ते राहू दिलं.

नंतर बाईंनी मला बसवून एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि अर्ज म्हणजे प्रयोग न करता केलेला प्रयोगच असतो हे हळूहळू डोक्यात शिरलं.

पहिला प्रश्न, रसायन किती लागेल? मी ‘थोडं’ म्हणाले. लॅबचे काका शेजारी काचेचं सामान पुसत होते, ते म्हणाले, “थोडं म्हणजे बरणीभर का?” मग हिशोब मांडला. 50 मिली पाणी घ्यायचं, त्यात अमोनियाचं बफर साधारण 2 मिली घालायचं, म्हणजे पीएच 10 च्या आसपास राहतो. मग एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर रंग कोकमी होतो. मग ब्युरेटमधून 0.01 मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचं. ते सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतं, आणि शेवटची कोकमी छटा जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं. या तीव्रतेच्या 1 मिली ईडीटीएला 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा पुरतो. म्हणून 50 मिली पाण्यासाठी जेवढे मिली लागतील त्याला 20 ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात.

आता उलट जायचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. आपलं पाणी अगदी 600 चं निघालं तरी एका वेळेला 30 मिली लागतील. नमुने तीन, प्रत्येकाची वाचनं तीन, म्हणजे 270 मिली. ब्युरेट धुणं आणि सांडणं धरून अर्धा लिटर. अर्ध्या लिटरला ईडीटीएचा डायसोडियम क्षार लागतो 1.86 ग्रॅम. काका म्हणाले, “एवढंच ना? मग आधी सांगायचं.” मी आधीच सांगत होते, पण आकडा नसला की कुणाला ऐकू जात नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. मी ‘संध्याकाळी 5.30 ते 7.30’ लिहिलं होतं, कारण शाळा सुटल्यावर म्हणजे संध्याकाळी, असा माझा समज. बाई म्हणाल्या, डिसेंबरात सहाला अंधारून येतं, आणि आपल्या लॅबमधल्या पिवळ्या दिव्याखाली कोकमी आणि निळा यांच्यामधली जांभळी छटा ओळखणं म्हणजे अंदाजपंचे. शिवाय बफर घातल्यावर रेंगाळूनही चालत नाही. साधारण पाच मिनिटांत टायट्रेशन उरकलं नाही तर पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट खाली बसायला लागतो आणि कठीणपणा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शेवटी शेवटी रंग बदलायला जरा वेळ घेतो, म्हणून तिथे थेंब सावकाश सोडायचे. म्हणजे घाईही करायची आणि सावकाशही करायचं. हे वाक्य आजोबांना फार आवडलं, त्यांच्या ऑफिसात असंच काम चालायचं म्हणे.

उपाय कॅलेंडरातच होता. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, 11 ला सुटते. एका टायट्रेशनला धुण्यापुसण्यासकट आठ मिनिटं धरली तर नऊ वाचनांना सव्वा तास, आधी ऊर्ध्वपातित पाण्याची एक कोरी चाचणी, शेवटी आवराआवर. 11.30 ते 2 पुरे. भरपूर उजेड, उघड्या खिडक्या आणि अमोनियाचा वास अंगणात. अर्जात ‘सायंकाळी’ च्या जागी ‘शनिवारी दुपारी’ आलं आणि तो एकदम सभ्य दिसू लागला.

तिसरा प्रश्न मला झोंबला. मी लिहिलं होतं, ‘टँकरचे पाणी धरणाचे नाही हे सिद्ध करणे’. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. कठीणपणावरून पाणी कुठून आलं ते सिद्ध होत नाही. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टच्या भेगांतून मुरलेलं बोअरचं पाणी सहसा जड असतं आणि खडकवासल्याचं साठवलेलं पावसाचं पाणी हलकं, एवढंच खरं. टँकरचा आकडा बोअरच्या जवळ आला तर शंका घ्यायला जागा आहे, इतकंच म्हणता येईल. आणि पाणी पिण्यालायक आहे की नाही, त्यात जंतू आहेत का, हे तर ब्युरेटला कळतच नाही. टँकरवाल्याला फासावर चढवण्याची माझी तयारी झाली होती. ती ‘तुलना करणे’ वर आणून सोडावी लागली.

अखेर अर्ज उतरला तो असा:

*प्रति, मा. मुख्याध्यापिका. मार्फत, विज्ञान शिक्षिका. विषय: शनिवारी शालेय वेळेनंतर रसायनशास्त्र प्रयोगशाळा वापरण्याच्या परवानगीबाबत. महोदया, विज्ञान प्रदर्शनासाठी मी नळ, बोअर व टँकर यांच्या पाण्याच्या कठीणपणाची तुलना करत आहे. येत्या शनिवारी 11.30 ते 2 या वेळेत प्रयोगशाळा मिळावी. साहित्य: ब्युरेट 1, पिपेट 1, शंकुपात्रे 3. रसायने: 0.01 मोलर ईडीटीए 500 मिली, अमोनिया बफर 30 मिली, दर्शक. बर्नर व गॅस लागणार नाही. बफर बाई स्वतः ओततील. मी चष्मा व हातमोजे वापरेन. विज्ञान शिक्षिका पूर्ण वेळ हजर राहतील. पालकांचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.*

‘बर्नर व गॅस लागणार नाही’ हे वाक्य काकांनी सुचवलं. ते म्हणाले, मोठ्या बाई वाचताना आधी तेच शोधतात.

अर्ज ऑफिसात दिला. तिथल्या सरांनी आवक शिक्का मारला, नंबर टाकला आणि पोच दिली. परत आला तेव्हा समासात दोनच शब्द होते: ‘चर्चा करा.’ मी घाबरले. आजोबा मात्र खूष झाले. त्यांच्या सांगण्यानुसार नकार असेल तर ‘नाही’ लिहितात. ‘चर्चा करा’ म्हणजे सहीला हरकत नाही, फक्त एक खुंटी ढिली आहे.

चर्चा झाली. मी ईडीटीएपासून पाठ करून गेले होते. मोठ्या बाईंनी अर्ज पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “कुलूप कोण लावणार?”

संपूर्ण अर्जात कुलूप नव्हतं. शनिवारी काका 11.30 च्या बसने घरी जातात. ते नसले तर किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस 12 ला बंद. विज्ञानाच्या बाई थांबणार, पण लॅबची किल्ली शिक्षकांच्या ताब्यात द्यायची नाही असा नियम, जो म्हणे कधीकाळी किल्ली हरवली तेव्हापासून आहे. मोलर, मिलिग्रॅम, मानक, सगळं त्या पितळी कुलपापाशी येऊन थांबलं.

मी काकांकडे गेले. ते एक शनिवार थांबायला तयार झाले, आणि मी अर्जाच्या तळाशी ओळ वाढवली: ‘2 वाजता प्रयोगशाळा सहाय्यक कुलूप लावून किल्ली पहारेकऱ्याच्या रजिस्टरला जमा करतील.’ काकांनी बाजूला सही केली. मोठ्या बाईंनी उभ्याउभ्या ‘मान्य’ लिहिलं. रसायनांचा तक्ता त्यांनी पाहिलासुद्धा नाही, असं मला वाटलं, पण सही केल्यावर म्हणाल्या, “30 मिली बफर पुरेल का गं? कोरी चाचणी धर, एखादं बिघडेल.” दहा वाचनं, वीस मिली, दहा मिली शिल्लक. पुरलं.

शनिवारी नळाच्या पाण्याला सरासरी 2.4 मिली ईडीटीए लागलं, म्हणजे लिटरला 48 मिलिग्रॅम. बोअरला 21.3 मिली, म्हणजे 426. टँकरला 20.7, म्हणजे 414. मी टाळी वाजवणार तेवढ्यात बाईंनी भुवई उंचावली, म्हणून वहीत ‘टँकरचा आकडा बोअरच्या जवळ आहे’ एवढंच लिहिलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे वाक्य फारच मवाळ वाटलं.

दीड वाजला होता. मी ब्युरेट धुवायला घेणार, तोच काकांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी. “हेही बघून टाक.”

बाई म्हणाल्या, “अर्जात नमुने तीनच आहेत. चौथ्यासाठी नवा अर्ज करावा लागेल.”

“अर्ज कशाला?” काका म्हणाले. “किल्ली माझ्याकडेच आहे.”