करार फसवणुकीचा, मग लवादाचं कलम कसं जिवंत?

«करारच फसवणुकीने झाला असेल तर त्यातलं लवादाचं कलमही मेलं. आणि स्वतःला अधिकार आहे की नाही हे लवादच ठरवणार म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. अशा वेळी थेट कोर्टात जावं, लवादाच्या नोटिशीकडे बघूसुद्धा नये.»

व्यापारी ग्रुपांवर हा सल्ला फिरतोय. लवाद म्हणजे कोर्टाऐवजी वाद सोडवायला दोन्ही पक्षांनी मान्य केलेला पंच. तो पाळला तर काय होतं, हे मुंबईतल्याच एका प्रकरणात दिसतं.

आयपीएलच्या प्रक्षेपण हक्कांवरून २५ मार्च २००९ रोजी मॉरिशसच्या वर्ल्ड स्पोर्ट ग्रुप आणि एमएसएम सॅटेलाइट यांच्यात करार झाला. वर्ल्ड स्पोर्टने आपले हक्क सोडून वाट मोकळी करून द्यायची, एमएसएमने ४२५ कोटी रुपये द्यायचे. वाद झाल्यास आयसीसीच्या, म्हणजे क्रिकेटच्या नव्हे तर इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या, नियमांनुसार सिंगापूरमध्ये लवाद. १२५ कोटी देऊन झाल्यावर, जून २०१०मध्ये, एमएसएम म्हणाली, ‘सोडण्यासारखे हक्क तुमच्याकडे नव्हतेच, आम्हाला फसवलंत, करार रद्द.’ वर्ल्ड स्पोर्ट आयसीसीकडे गेली, एमएसएम मुंबई उच्च न्यायालयात. एकल न्यायाधीशांनी लवाद रोखायला नकार दिला, खंडपीठाने तो रोखला. २४ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा आदेश रद्द केला.

फसवणूक झाली नाही, असं न्यायालय म्हणालं नाही. प्रश्न वेगळाच होता: फसवणुकीचा आरोप नेमका कशावर आहे? एमएसएमची तक्रार हक्कांबद्दलच्या विधानांवर होती. सिंगापूरला लवाद करू, या कबुलीसाठी कुणी खोटं बोललं असं तिचं म्हणणं नव्हतं. लवादाचं कलम एकाच कागदावर असलं तरी कायद्याच्या लेखी तो स्वतंत्र करार असतो आणि त्यावरचा घावही स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. आपल्या १९९६च्या लवाद कायद्याचं कलम १६ तर स्पष्ट सांगतं, की लवादाने मूळ करार शून्य ठरवला म्हणून लवादाचं कलम आपोआप अवैध होत नाही. तसं नसतं तर गंमतच झाली असती. करार शून्य आहे असा निर्णय देताक्षणी तो देण्याचा अधिकारच लवादाने गमावला असता!

मात्र कलम अमर नाही. रशियन जहाजांच्या ‘फिओना ट्रस्ट’ खटल्यात आठ भाडेकरार लाच देऊन झाल्याचा मालकांचा आरोप होता. २००७मध्ये ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो वाद लवादाकडेच पाठवला, पण न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी सीमाही सांगितली. सहीच बनावट असेल, किंवा एजंटला करार करण्याचा काडीचाही अधिकार नसेल, तर तो हल्ला लवादाच्या कलमावरही होतो. एजंटने परवानगी नसलेल्या दराने सौदा केला, लाच खाल्ली, एवढ्याने होत नाही. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारावा: सही माझी आहे का?

आता किल्ल्यांबद्दल. स्वतःच्या अधिकाराचा निर्णय लवाद देतो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो. लवादाची सीट, म्हणजे कायदेशीर ठिकाण, भारतात असेल आणि त्याने हरकत फेटाळली, तर काम पुढे चालतं आणि निवाडा झाल्यावर कलम ३४खाली न्यायालयात जाता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५च्या नमुना कायद्यावर चालणाऱ्या बऱ्याच देशांत त्यासाठी निवाड्याची वाटही पाहावी लागत नाही, तीस दिवसांत न्यायालय गाठता येतं. आपल्याकडे मात्र चुकीच्या लवादासमोरही शेवटपर्यंत बसावं लागतं. ही तक्रार रास्तच आहे, पण ती वेगळी.

न्यायालयं नंतर किती खोल जातात, याचा नमुना म्हणजे दल्लाह या सौदी कंपनीचं पाकिस्तान सरकारविरुद्धचं प्रकरण. मक्केत पाकिस्तानी हाजींसाठी घरं बांधायची होती. करारावर सही एका ट्रस्टची होती, सरकारची नव्हती. तरी पॅरिसच्या लवादाने सरकारला पक्षकार धरून सुमारे दोन कोटी डॉलरचा निवाडा दिला. २०१०मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा नव्याने तपासला आणि सरकार पक्षकार नव्हतं असं ठरवून अंमलबजावणी नाकारली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या अपील न्यायालयाने तोच निवाडा कायम ठेवला. निकाल उलटसुलट, पण लवाद म्हणाला म्हणून दोन्हींपैकी एकानेही मान डोलावली नाही.

राहिली नोटीस. हा त्या संदेशातला सगळ्यात महागडा भाग. तुम्ही आला नाहीत म्हणून लवाद थांबत नाही, तो एकतर्फी चालतो. अधिकाराची हरकत बचावाचं निवेदन देण्याआधी किंवा त्याच्यासोबत घ्यायची असते, असं कलम १६ सांगतं. आपला लवाद स्वतः नेमला असला तरी ती घेता येते. तेव्हा उत्तर द्यायचं, आणि त्यातच लेखी म्हणायचं: तुम्हाला अधिकार नाही, हा हक्क राखून आम्ही पुढचं म्हणणं मांडतो.