पाळणाघरात आधी मुलं मोजा, मग फी विचारा

पाळणाघर शोधत येणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, "महिन्याचे किती घेता?" दुसरा, "कॅमेरा आहे का?" मुलं एकूण किती आणि त्यातली अजून न चालणारी किती, हे क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते बाकी सगळं त्या आकड्यावरच ठरतं.

माझं पाळणाघर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेत आहे. हॉल १० बाय १५ फुटांचा. सोफा, टीपॉय केव्हाच काढून टाकले. खेळायला म्हणाल तर इथे बारा मुलंही मावतील. पण दुपारी एक वाजता गाद्या पडतात तेव्हा खरी जागा कळते. एक गादी ४ बाय २ फुटांची. त्यात मध्येच कोणी रडत उठलं, तर दुसऱ्याच्या हातावर पाय न देता तिथवर पोचायला वाट हवी. अशा आठच गाद्या नीट बसतात, म्हणून मुलं आठ.

न चालणारी मात्र दोनच. सांभाळायला मी आणि मदतनीस मावशी, अशा आम्ही दोघी. उद्या मीटरच्या पेटीतून धूर आला तर लिफ्ट वापरता येणार नाही, जिन्यानेच उतरायचं. प्रत्येकीच्या कडेवर एक, मोकळ्या हाताला एक चालणारं, आणि मोठी चार एकमेकांचा हात धरून पुढे. हे आम्ही मुलांना घेऊन खेळ म्हणून करून बघतो. तिसरं तान्हं असेल तर हे गणित बसत नाही. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, त्यामुळे सहा-सात महिन्यांच्या बाळांसाठी सगळ्यात जास्त फोन येतात आणि मला सगळ्यात जास्त नकार तिथेच द्यावे लागतात. लोक नाराज होतात, होऊ देत.

आता फी. दिवसभराचे मी महिन्याला ५,५०० घेते. आठ मुलांचे ४४,००० होतात. मावशींचा पगार १३,०००. दूध, वरणभात, गॅस, वाढीव वीज, फिनेल, सगळं धरून ९,०००. उरले २२,०००, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसातच्या कामाचे. "पलीकडच्या बिल्डिंगमध्ये ३,५०० घेतात," असं ऐकवणाऱ्या ताईंना मी एवढंच सांगते, की तेवढेच ४४,००० गोळा करायला तिथे बारा-तेरा मुलं लागतात. मुलं तेवढी नसतील तर बहुधा मदतनीस नसेल. जाऊन बघा, दुपारी बघा.

बादल्या उपड्या ठेवणं, बाथरूमची आतली कडी काढून टाकणं, हे एकदा केलं की झालं. पण काही गोष्टींना डोळेच लागतात. घशात घास अडकलेलं मूल ओरडत नाही, कारण आवाज निघायला हवा लागते. म्हणून द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून देते, शेंगदाणे-फुटाणे घरात काढतच नाही, आणि मुलं जेवत असताना एकीने फक्त बघत बसायचं. तेरा मुलांत एकटीला हे कसं जमणार?

कॅमेऱ्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. खारघरच्या पाळणाघरात २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, पण ती बाळाच्या अंगावर खुणा दिसल्यानंतर. पुरावा म्हणून कॅमेरा हवाच, माझ्याकडेही आहे. मोबाईलवर थेट दिसणारी लिंक मात्र मी देत नाही, कारण त्यात इतरांची मुलंही कपडे बदलताना दिसतात. त्यापेक्षा न सांगता कधीही या. ज्या पाळणाघरात दुपारी पालकांना दाराबाहेर थांबवतात, तिथे मी तरी माझं नातवंड ठेवणार नाही.

विश्वास दोन्हीकडून हवा, हेही सांगते. सकाळी तापाचं औषध पाजून, काही न बोलता मूल सोडून जाणारे पालक आहेत. औषधाचा असर चार-सहा तासांत ओसरतो आणि जेवणाच्या वेळेला अंग तापलेलं असतं. तोवर बाकीच्या सातांनी त्याच्याबरोबर खेळून झालेलं असतं. वर फोनवर सांगतात, "काकू, पॅरासिटामॉल अडीच एमएल द्या ना." ड्रॉप्सच्या बाटलीत एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तर नेहमीच्या सिरपच्या पाच एमएलमध्ये १२०. अडीच एमएल सिरपऐवजी ड्रॉप्स दिले तर डोस चौपट होतो. म्हणून बाटली घरूनच यायला हवी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहिलेलं. नाहीतर मी औषध देत नाही, घ्यायला बोलावते.

जूनमध्ये तीन मुलं शाळेत जाणार, म्हणून तीन जागा होतील. एक तान्हं आता चालायला लागलंय, त्यामुळे रांगणारं बाळ एकच घेता येईल, बाकी दोन चालणारी हवीत. चौकशीला यायचं तर दुपारी एकनंतर या, मुलं झोपलेली असतात, चप्पल बाहेर काढा.